मोबाईल गेमची पहिली पाच मिनिटं

गेम पहिल्यांदा उघडल्यावर सुरुवातीच्या काही मिनिटांत कंट्रोल्स प्लेअरच्या हाताला बसावेत आणि तो मधेच सोडून जाऊ नये यासाठी जी आखणी करतात तिला ऑनबोर्डिंग म्हणतात, गेम बनवणारे लोक एफटीयूई, म्हणजे फर्स्ट टाइम युजर एक्सपिरियन्स, असंही म्हणतात. ट्युटोरियल हा त्याचाच एक भाग. फोनवर हे काम जास्त अवघड आहे कारण तिथे हाताला लागणारं बटणच नसतं, सपाट काच असते, आणि टॅप करायचं की बोट सरकवायचं की दाबून धरायचं हे काचेकडे बघून कळत नाही. त्यात बरेचसे गेम फुकट असतात, त्यामुळे कंटाळा आला की काढून टाकायला कुणाला काही वाटत नाही.

नेहमी दिलं जाणारं उदाहरण म्हणजे प्लांट्स व्हर्सेस झोम्बीज (2009, आयफोनवर 2010), अंगणात झाडं लावून झोम्बींना अडवायचा गेम. त्याच्या पहिल्या लेव्हलला पूर्ण अंगण नसतंच, गवताची एकच पट्टी आणि लावायला एकच झाड, त्यामुळे चुकायला जागाच नाही. डिझायनर जॉर्ज फॅनने 2012 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये यावर भाषण दिलं होतं, त्यात स्क्रीनवर एका वेळी आठच्या वर शब्द नकोत असा त्याचा नियम होता.

आता एक साधा धावण्याचा गेम घेऊ. टॅप केलं की उडी, हवेत असताना दाबून धरलं की छत्री उघडून तरंगणं, बस. पहिल्यांदा बनवताना बहुतेक जण गेम थांबवून एक पाटी दाखवतात, त्यावर दोन्ही सूचना आणि खाली ओके. लोक न वाचता ओके दाबतात. मग दुसरी आवृत्ती येते: खड्ड्यापाशी गेम आपोआप थांबतो, बाकी स्क्रीन काळी होते, एक हात दिसतो, त्यावर टॅप केल्याशिवाय काहीच होत नाही. हे जवळपास सगळे पार करतात आणि टीमला वाटतं की जमलं, पण पुढच्याच खड्ड्यात, जिथे हात नाही तिथे, तेच लोक पडतात, कारण उडी कधी मारायची हे आधी गेमनेच ठरवलं होतं, प्लेअर फक्त हाताच्या चित्रावर टॅप करायला शिकला. माझ्या मते सगळ्यात फसवा प्रकार हाच, दिसायला तो अगदी चांगला ट्युटोरियल दिसतो.

त्यापेक्षा सुरुवातीला खड्डा नकोच, गुडघ्याएवढी पायरी ठेवायची. पात्र तिला अडून जागीच पळत राहतं, मरत नाही, प्लेअर आपणहून स्क्रीनला हात लावून बघतो. तीनेक सेकंद काहीच झालं नाही तरच हाताचं चित्र आणायचं, तेही अंगठ्याखाली झाकलं जाणार नाही अशा जागी. मग दोन अरुंद खड्डे, पडला तर लगेच काठावर परत. उडी हाताला बसल्यावरच रुंद खड्डा आणायचा जो नुसत्या उडीने पार होत नाही, आणि वर नाण्यांची ओळ उडीच्या टोकापासून हळूहळू खाली उतरत पलीकडच्या काठापर्यंत न्यायची म्हणजे हवेतला रस्ता दिसतो. इथे दोनदा पडला की दाबून धरलेलं बोट दाखवायचं.

अडतंय कुठे हे कळायला प्रत्येक टप्प्यावर इव्हेंट नोंदवतात:

```
step1_jump
pit1_fail
pit1_clear
pit2_fail
pit2_clear
widepit_fail
widepit_clear
```

समजा 1000 जणांनी गेम उघडला, 940 जणांनी पायरी ओलांडली, 900 जणांनी दोन्ही अरुंद खड्डे, आणि रुंद खड्डा फक्त 610 जणांनी. म्हणजे 290 जण एकाच ठिकाणी गळाले. ते जायच्या आधी `widepit_fail` चार-पाचदा आलंय का बघायचं, आलं असेल तर तरंगणं समजलेलंच नाही. एकदाही आलं नसेल तर खड्ड्याचा दोष नाही, तिथे मधेच जाहिरात, नोटिफिकेशनची परवानगी, लॉगिनची मागणी किंवा क्रॅश शोधायचा.

नुसता ट्युटोरियल पूर्ण केलेल्यांचा आकडा मात्र धरून बसू नये, तो काळी स्क्रीन आणि हात वापरूनही वर नेता येतो. त्याच्या जोडीला पहिल्या बिनमदतीच्या लेव्हलला किती जण किती वेळा पडले आणि दुसऱ्या दिवशी किती जण परत आले (याला डे वन रिटेन्शन म्हणतात) हे बघावंच लागतं. अर्थात मूळ गेमच आवडला नाही तर सुरुवात कितीही सुधारली तरी दुसऱ्या दिवशीचा आकडा फारसा हलत नाही.

आणि आकड्यात जे दिसत नाही ते अंगठ्यात दिसतं. गेम कधीच न पाहिलेल्या माणसाच्या हातात फोन द्यायचा, एक शब्दही बोलायचा नाही आणि अंगठ्याकडे बघत बसायचं. रुंद खड्ड्यावर बरेच जण हवेत असताना पटापट टॅप करतात, त्यांना वाटतं दुसरी उडी मिळेल, कारण तोवर टॅपनेच सगळं झालेलं असतं. अशा वेळी सूचना मोठी करून उपयोग होत नाही, हवेतल्या दुसऱ्या टॅपला पात्राची छत्री क्षणभर उघडून मिटू द्यायची, मग माणूस तेच बोट आपोआप दाबून ठेवून बघतो.