निष्क्रिय खातं (डॉर्मंट किंवा इनऑपरेटिव्ह खातं)

बँकेतल्या सेव्हिंग किंवा करंट खात्यात खातेदाराने स्वतः घडवलेली एकही हालचाल दोन वर्षांहून जास्त काळ झाली नाही तर ते खातं निष्क्रिय धरलं जातं. सध्याची व्याख्या रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2024 च्या परिपत्रकातली आहे, ती 1 एप्रिल 2024 पासून लागू झाली आणि सहकारी बँकांनाही लागू आहे. दोन वर्षांची मुदत मात्र त्याआधीचीच, 2008 च्या परिपत्रकातही तीच होती. कोकणात हा प्रकार जास्त करून घरच्या खात्यांत होतो, म्हणजे खातं गावच्या शाखेत, माणूस मुंबईला किंवा बोटीवर, आणि पासबुक कपाटात.

खरा घोळ आहे तो हालचाल कशाला म्हणायचं यात. देवगडकडच्या एका आईचं खातं धरू, शेवटचे पैसे काढले 10 मे 2023 ला. त्यानंतर दर तिमाहीला व्याज जमा होत राहिलं, मध्ये एसएमएसचे चार्जेस कापले गेले, त्यामुळे पासबुक छापलं की एंट्र्या भरपूर दिसतात आणि घरच्यांना वाटतं खातं चालू आहे. पण व्याज, चार्जेस, दंड, कर या सगळ्या बँकेने स्वतः केलेल्या नोंदी, त्या धरत नाहीत. म्हणून मे 2025 मध्ये खातं निष्क्रिय झालं आणि मुलगा ऑगस्टमध्ये गणपतीला आला, आईला घेऊन बँकेत गेला, तेव्हा विड्रॉवल स्लिप परत आली. याच आईची त्याच बँकेत एफडी असती आणि तिचं व्याज सेव्हिंगमध्ये टाकायची सूचना तिने दिलेली असती तर ती नोंद खातेदाराची धरली गेली असती, आणि दोन वर्षं त्या शेवटच्या जमेपासून मोजली गेली असती. व्याज दोन्हीकडे व्याजच, फरक फक्त सूचना कोणाची याचा.

चाकरमान्याने मुंबईहून आईच्या खात्यात पैसे पाठवले तर? इथे मात्र वाचनं दोन निघतात. 2008 च्या परिपत्रकात खातेदाराच्या किंवा तिसऱ्या माणसाच्या सांगण्यावरून झालेली जमा-नावे दोन्ही धरायची असं होतं, 2024 च्या मजकुरात भर खातेदाराने स्वतः किंवा त्याच्या सांगण्यावरून बँकेने वा तिसऱ्याने केलेल्या व्यवहारावर आहे. मग आईने न सांगता मुलाने पाठवलेले पैसे धरायचे का? सैल वाचन केलं तर हो, पण शब्द जसे आहेत तसे घेतले तर नुसत्या बाहेरून आलेल्या जमेवर विसंबून राहू नये, हेच जास्त पटतं, आणि तसंही आईने वर्षातून एकदा थोडे पैसे काढले की हा वाद उरतच नाही. नव्या व्याख्येत पैशाशिवायच्या हालचालीही येतात, उदा. मोबाइल बँकिंगमध्ये यशस्वी लॉगिन, चेकबुक मागवणं, किंवा केवायसी अपडेट. मशीनवर नुसतं पासबुक छापण्यावर भरवसा नको, कारण तिथे खातेदाराची ओळख तपासलीच जात नाही. शिष्यवृत्ती आणि सरकारी अनुदानासाठी उघडलेली झीरो बॅलन्स खाती या नियमातून वगळलेली आहेत.

चालू करणं तसं सोपं. अर्ज, आधार, पॅन (नसेल तर फॉर्म 60) आणि फोटो घेऊन केवायसी परत करायची, बदललेला मोबाइल नंबरही त्याच फेरीत द्यावा. ही केवायसी त्या बँकेच्या कुठल्याही शाखेत होते, म्हणजे आई मुंबईला मुलाकडे आलेली असली तरी त्यासाठी गावी जायची गरज नाही, आणि बँकेत सोय असेल तर व्हिडिओवरूनही होते. पण ती आईचीच व्हावी लागते, मुलगा आपले कागद दाखवून आईचं खातं चालू करू शकत नाही. पूर्ण अर्ज मिळाल्यावर तीन कामाच्या दिवसांत काम व्हायला हवं, चार्ज नाही, आणि निष्क्रिय काळात मिनिमम बॅलन्सचा दंडही लावता येत नाही (काउंटरवर कोणी मागितलाच तर नियम दाखवायला सांगावा). व्याज मधल्या काळातही चालूच असतं. चालू झाल्यावर किमान सहा महिने बँक खात्यावर लक्ष ठेवते, त्यामुळे लगेच मोठी रक्कम फिरवली तर विचारणा होऊ शकते.

केवायसीची मुदत संपली म्हणून अडवलेलं खातं वेगळं, त्यात व्यवहार अगदी गेल्या महिन्यातलेही असू शकतात.

खातेदार हयात नसेल तर चालू करायचा प्रश्नच नाही, वारस किंवा नॉमिनीने दावा करायचा. दहा वर्षं हालचाल नसेल तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जाते, हा निधी 2014 चा. तरी हक्क जात नाही, मागणी आपल्या बँकेकडेच करायची, बँक पैसे देऊन निधीकडून वसूल करते. कुठल्या बँकेत काय पडून आहे ते 2023 पासून उद्गम पोर्टलवर नावाने शोधता येतं, फक्त त्यात सामील झालेल्या बँकांपुरतं.