जीएसटी नंबर नसताना ऑनलाइन विक्री: एनरोलमेंट आयडी, कागदपत्रे आणि हातात पडणारा पैसा

मार्केटप्लेसवर माल विकायचा तर जीएसटी नोंदणी हवीच, हा नियम 1 ऑक्टोबर 2023 पासून लहान विक्रेत्यांसाठी सैल झाला आहे. महाराष्ट्रात वस्तूंची वार्षिक उलाढाल 40 लाख रुपयांच्या आत असेल, तर जीएसटी नंबरऐवजी एनरोलमेंट आयडीवर विक्री करता येते. ही उलाढाल म्हणजे एका पॅनवरची सगळी विक्री. दुकानातली, प्रदर्शनातली आणि ऑनलाइन मिळून.

अट मात्र कडक आहे. माल राज्याबाहेर पाठवता येत नाही. साताऱ्याहून गोधडी पुण्याला किंवा गडचिरोलीला जाईल, पण पणजीला नाही. मार्केटप्लेसवरून राज्याबाहेरची एकही ऑर्डर घ्यायची असेल, तर उलाढाल कितीही कमी असली तरी आधी जीएसटी नोंदणी करावी लागते. ती झाली की एनरोलमेंट आयडी बाद होतो. आपला ग्राहक मुख्यतः राज्याबाहेरचा असेल, तर या वाटेला जाऊच नये.

आयडी gst.gov.in वर मिळतो. ई-कॉमर्सवरून माल पुरवणाऱ्या, नोंदणी नसलेल्या विक्रेत्यासाठीचा अर्ज निवडायचा, पॅन आणि व्यवसायाचा पत्ता द्यायचा, मोबाइल व ईमेलवर आलेले ओटीपी भरायचे. एका पॅनवर एकाच राज्यासाठी आयडी मिळतो आणि तो हातात येईपर्यंत विक्री सुरू करता येत नाही. पुढे तोच आयडी मार्केटप्लेसच्या विक्रेता खात्यात टाकायचा. मात्र सगळेच मार्केटप्लेस असे विक्रेते घेत नाहीत; मीशो घेते. म्हणून खाते उघडताना एनरोलमेंट आयडीचा पर्याय दिसतो का, ते आधी पाहावे.

विक्रेता खात्याचा अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नावावर. पॅनवर माहेरचे नाव, बँकेत सासरचे, असे असेल तर बँक खात्याची पडताळणी फसते. आधी बँकेतले किंवा पॅनवरचे नाव दुरुस्त करून घ्यावे, मग अर्ज भरावा. पॅन, पत्त्याचा पुरावा आणि रद्द केलेला चेक जवळ असला की बहुतेक काम भागते.

लिस्टिंगमध्ये उत्पादकाचे नाव-पत्ता, वस्तूचे नाव, नग, माप, सर्व करांसह एमआरपी, ग्राहक तक्रारीचा संपर्क आणि मूळ देश द्यावा लागतो. पाकिटावरच्या लेबलवर याशिवाय उत्पादनाचा महिना व वर्ष हवे. गोधडीचे माप ‘डबल बेड’ असे न लिहिता सेंटीमीटरमध्ये लिहावे. फोटोत मोठी दिसलेली आणि घरी लहान निघालेली गोधडी हमखास परत येते.

आता कापणीचा हिशोब. दर प्रत्येक मार्केटप्लेसचे वेगळे असतात, म्हणून उदाहरणासाठी धरू: विक्री किंमत 1,200, कमिशन 10 टक्के म्हणजे 120, फिक्स्ड फी 30, वाहतूक 110. एकूण 260 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी 46.80. हातात 893.20. नोंदणीकृत व्यापारी हे 46.80 क्रेडिट म्हणून वळते करून घेऊ शकतो, आयडीवाल्याला ते सोसावेच लागतात. मार्केटप्लेस विक्रीच्या पैशातून कापून सरकारकडे भरते तो जीएसटीचा टीसीएस मात्र त्याच्याकडून कापला जात नाही. आयकराचा 0.1 टक्का टीडीएसही, विक्रेता व्यक्ती असेल, पॅन दिलेला असेल आणि त्या मार्केटप्लेसवरची वर्षाची विक्री 5 लाखांपर्यंत असेल, तर लागत नाही.

गोधडीसारख्या फुगीर मालात खरा घाटा वाहतुकीत होतो. कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन, यांतले जास्त असेल ते धरते. आकारमानाचे वजन म्हणजे लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले 5000. 40 × 30 × 20 चे खोके 4.8 किलो भरते, आत गोधडी 1.8 किलोची असली तरी! तीच घट्ट गुंडाळी करून, जाड पॉलिथिनमध्ये हवा काढून 40 × 30 × 9 वर आणली, तर 2.16 किलो. टेप लावल्यानंतर पुन्हा मोजावे, कारण हवा शिरली की पाकीट फुगते आणि कुरिअरच्या केंद्रावरचे माप वाढते. वाहतूक 110 ऐवजी 190 लागली, तर जीएसटी धरून 94.40 रुपये गेलेच. पाकीट वजनकाट्यावर ठेवून, मोजपट्टीने माप दिसेल असा फोटो जपून ठेवावा. वजनाच्या वादात तोच पुरावा चालतो.

परतावे दोन प्रकारचे असतात. ग्राहकाने न स्वीकारलेले पार्सल आरटीओ, म्हणजे रिटर्न टू ओरिजिन, म्हणून विक्रेत्याकडे परत येते, त्याला परतीची वाहतूक लागते की नाही ते त्या मार्केटप्लेसच्या धोरणावर ठरते. घेऊन वापरून परत केलेल्याला बहुधा लागते. ती वरच्याच दराने 129.80 धरली आणि पाचातली एक गोधडी अशी परत आली, तर उरलेल्या चारांवर हातात सरासरी 860.75 रुपये पडतात. किंमत या आकड्यावर ठरवावी. परतीचे पाकीट उघडताना अखंड व्हिडिओ काढावा: आधी लेबलवरचा ऑर्डर क्रमांक, मग सील, मग उलगडलेला माल. डागाळलेल्या किंवा बदललेल्या मालाचा दावा मुदतीत, याच व्हिडिओसह टाकावा. मध्येच थांबवून जोडलेला व्हिडिओ दिला की दावा फेटाळला जाण्याची शक्यता वाढते.