शब्दांकनातील एकत्र बोलणे

ध्वनिमुद्रणात दोन व्यक्ती एकाच क्षणी बोलत असतील, तर तो भाग ओळखून दोघांचे शब्द ज्याचे त्याच्या नावावर लिहिणे, याला एकत्र बोलण्याची हाताळणी म्हणतात.

समजा, ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील एका गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभा टेबलावर ठेवलेल्या एकाच मोबाइलवर मुद्रित झाली आहे. सचिव 12.0 ते 15.0 सेकंदांदरम्यान सांगतात, ‘टँकरचा खर्च मार्चपासून वाढला आहे.’ एक सदस्य 14.2 पासून 15.6 पर्यंत विचारतात, ‘वाढला की वाढवला?’ एकत्र बोलणे फक्त 0.8 सेकंदाचे आहे. पण दोघांच्या तोंडी त्याच वेळी ‘वाढला’ हाच शब्द असल्याने दोन आवाज एकजीव होतात आणि सचिवांच्या नावावर ‘टँकरचा खर्च मार्चपासून वाढवला’ असे वाक्य लिहिले जाऊ शकते. सदस्याचा प्रश्न सचिवांची कबुली बनतो, म्हणून ही चूक गाळलेल्या शब्दापेक्षा गंभीर मानावी.

एका क्षणी एकच वक्ता मानणारी जुनी संगणकीय पद्धत इथे हमखास चुकते. दोघांचे बोलणे मिळून 3.0 अधिक 1.4, म्हणजे 4.4 सेकंद होते, एकत्र भाग एकाच्याच नावावर लागून दुसऱ्याचे 0.8 सेकंद गळत असल्याने, बाकी सर्व अचूक असले तरी, सुमारे 18 टक्के बोलणे सुटते. म्हणून नव्या पद्धतींत ध्वनीच्या प्रत्येक सूक्ष्म तुकड्यासाठी शक्यतांमधून निवड केली जाते: तीन वक्ते आणि एका वेळी जास्तीत जास्त दोघे धरले, तर शांतता, तीन एकेकटे आवाज आणि तीन जोड्या अशा सात शक्यता होतात. वक्त्याच्या आवाजाची ओळख मात्र तो एकटा बोलत असलेल्या भागातूनच घ्यावी, कारण मिसळलेल्या भागातून घेतलेली ओळख दोघांपैकी कोणाचीच नसते. एक आवाज फार दबलेला असेल किंवा सभागृह घुमत असेल, तर ही निवड डळमळते.

लेखनासाठी संभाषण-विश्लेषण या अभ्यासशाखेत संशोधक गेल जेफरसन यांची चौकटी कंसांची पद्धत रूढ आहे. तीत एकत्र बोलणे सुरू होते तिथे दोन्ही ओळींत कंस उघडतात आणि ते कंस एकाखाली एक आणतात. देवनागरीत जोडाक्षरांची रुंदी कमी-जास्त असल्याने हे जुळवणे फाँट बदलताच बिघडते. त्यामुळे कंसांना क्रमांक देणे अधिक भरवशाचे ठरते:

सचिव: टँकरचा खर्च मार्चपासून [1 वाढला आहे 1]
सदस्य: [1 वाढला की 1] वाढवला?

शब्दाच्या मध्येच दुसरा बोलू लागला, तर कंस पूर्ण अक्षराच्या सीमेवर ठेवावा. ‘मिळाले’मध्ये ‘मि’ फोडून कंस घातला, तर वेलांटी व्यंजनापासून सुटते आणि शब्द वाचताच येत नाही. दुसऱ्याचे नुसते ‘हं’ किंवा ‘बरोबर’ सभेच्या इतिवृत्तासाठी गाळता येते, मात्र ते मतदानाचा होकार असेल तर गाळू नये. पुन्हा ऐकूनही शब्द लागत नसेल, तर तिथे कंसात ‘अस्पष्ट’ लिहून वेळ नोंदवावी. अंदाजाने वाक्य पुरे करू नये.