दोन दोनदा आला म्हणून मॅट्रिक्स नापास होत नाही

परवा राजारामपुरीत चहाच्या गाड्यावर, माझ्याकडं गणित शिकायला येणाऱ्या इंजिनिअरिंग फर्स्ट इयरच्या एका पोरानं मोबाईलवर एक रील दाखवलं. म्हणाला, "सर, हे बघा, आयगेनव्हॅल्यू रिपीट झाली की मॅट्रिक्स डायगोनलायझेबल नाही, पाच सेकंदात टिक मारायची." म्हटलं, मग आयडेंटिटी मॅट्रिक्सचं काय करतोस? तिच्या सगळ्याच आयगेनव्हॅल्यू १, आणि ती तर जन्मापासून डायगोनल! कप हातातच राहिला त्याच्या.

शॉर्टकटवाल्यांवर माझा राग असा की गणिताला ते अंगारा-धुपाऱ्यासारखं वापरतात, मंत्र म्हटला की काम झालं, का झालं ते विचारायचं नाही.

आयगेनव्हेक्टर म्हणजे मॅट्रिक्स लावल्यावर ज्याची दिशा वळत नाही, फक्त लांबी काही पटीत बदलते असा व्हेक्टर (पट निगेटिव्ह आली तर उलटा होतो, पण त्याच रेषेवर राहतो), आणि ती पट म्हणजे आयगेनव्हॅल्यू. ३×३ मॅट्रिक्सला अशा तीन स्वतंत्र दिशा मिळाल्या की ती डायगोनलायझेबल, कारण त्या दिशांनाच अक्ष मानलं की मॅट्रिक्स नुसतं ताणायचं काम करते. एकही कमी पडली तर नाही.

आता या दोन बघा.

```
A = 2 0 1      B = 2 1 1
    0 2 1          0 2 1
    0 0 5          0 0 5
```

फरक एकाच घरात, वरच्या ओळीत मधे ० की १ एवढाच. दोन्हींचं कॅरॅक्टरिस्टिक समीकरण तेच, (λ−2)²(λ−5) = 0. इथं २ चा घात दोन, म्हणून २ ची अल्जेब्रिक मल्टिप्लिसिटी २. हा आकडा सांगतो की २ साठी जास्तीत जास्त दोन दिशा मिळू शकतील. मिळाल्या किती, ते जिऑमेट्रिक मल्टिप्लिसिटी सांगते, आणि ती काढायची म्हणजे ३ मधून A−2I ची रँक वजा करायची.

```
A-2I = 0 0 1      B-2I = 0 1 1
       0 0 1             0 0 1
       0 0 3             0 0 3
```

डावीकडं तिन्ही ओळी एकाच ओळीच्या पटी, रँक १, म्हणून ३−१ = २ दिशा. मागितल्या तेवढ्या मिळाल्या. उजवीकडं पहिली ओळ वेगळी निघाली, रँक २, दिशा एकच. ५ एकदाच आलाय, त्याची एक दिशा नक्की मिळते, तिथं तपासायची गरजच नाही. म्हणजे A ला एकूण तीन दिशा, B ला दोन, आणि B डायगोनलायझेबल नाही.

पण B ची ती दुसरी दिशा गेली कुठं? मला यातलं हेच लय आवडतं. टेबलावर वह्यांची चळत ठेवा आणि बाजूनं असं ढकला की वरची वही सगळ्यात जास्त सरकेल, खालची जागेवर राहील. समोरच्या बाजूवर बघा: टेबलाला समांतर दिशा तशीच राहते, पण उभी कड तिरकी होते, आणि कुठलीही तिरकी रेष घ्या, ती पण वळते. म्हणून न वळणारी दिशा एकच. B मधला तो वरचा १ अगदी हेच करतो: B−2I लावली की (0,1,0) चा (1,0,0) होतो, आणि परत लावली की त्याचा शून्य होतो. खरा आयगेनव्हेक्टर एका फटक्यात शून्य व्हायला पाहिजे, याला दोन लागतात. दिशा हरवलेली नाही, ती पहिलीच्या मागं रांगेत उभी आहे. A मध्ये तो १ नाही, म्हणून (1,0,0) आणि (0,1,0) दोघंही पहिल्याच फटक्यात शून्य.

जाता जाता, मॅट्रिक्स रिअल आणि सिमेट्रिक असेल तर हा घोळ कधीच होत नाही, आयगेनव्हॅल्यू कितीही रिपीट होऊ देत.

पोरानं लगेच विचारलं, "मग पायथॉनमध्ये टाकून बघू की." बघ, पण सावध. numpy ला हे दे:

```
np.linalg.eig([[1, 1], [0, 1]])
```

तो बिनधास्त दोन व्हेक्टर देतो, (1, 0) आणि साधारण (−1, 2.2e-16). दिसायला दोन, खरं तर एकच रेष, दुसरा नुसता उलट्या तोंडाचा, आणि तो 2.2e-16 म्हणजे राउंडिंगचा कचरा. दोन्ही व्हेक्टरांची मॅट्रिक्स करून डिटरमिनंट काढला की तोच कचरा हातात येतो, शून्याला चिकटलेला, तिथं ओळखायचं. शिवाय अशी मॅट्रिक्स फार नाजूक: खालच्या डाव्या घरात ० च्या जागी 1e-10 टाकलं तर आयगेनव्हॅल्यू 1 ± 1e-5 होतात, म्हणजे टाकलेल्या आकड्याचं वर्गमूळ निघतं आणि चूक एक लाख पट होऊन बसते. वर परत आता त्या दोन वेगळ्या झाल्या, म्हणून मॅट्रिक्स कागदोपत्री डायगोनलायझेबल! त्यामुळं मापून आलेले दशांशातले आकडे असतील तर "आहे की नाही" या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही, दोन व्हेक्टर एकमेकांना किती चिकटलेत ते बघावं लागतं. पेपरमधले पूर्णांक असतील तर मात्र रँक हातानं काढायची, दोन ओळींचं काम आहे.