पार्श्वभूमी : ‘बाळा, खरेदीखतावर सही करू नकोस’

लग्नखर्चासाठी सावकाराकडे जाऊ नकोस, असं आई मुलाला पत्रातून विनवते, तेव्हा तिच्या मनात दोन भीती असतात. एक ‘शेकडा पाच’ची, दुसरी जमिनीची.

1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून उसळलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यानंतरच्या चौकशी आयोगाने मात्र लग्नखर्चाला कर्जबाजारीपणाचं कारण म्हणून अवास्तव महत्त्व दिलं जातं, असं मत नोंदवलं. लग्न क्वचित येतं, पण व्याज रोज चालतं. या मुद्द्यावर आजही वाद होतो. आमच्या मते आयोगाचं म्हणणं बरोबर होतं : बुडवतो तो व्याजदर, मांडव नव्हे.

शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ. बँकेचा ‘बारा टक्के’ ऐकलेल्या मुलाला पाच स्वस्त वाटतात, तिथेच फसगत होते. एक लाख घेतले की पहिल्या महिन्याचं व्याज बरेचदा आधीच कापून 95 हजार हातात पडतात. पुढे दरमहा 5 हजार भरत राहिलं, तर वीस महिन्यांत लाखभर व्याज जातं आणि मुद्दल जिथल्या तिथे राहतं. व्याज थकून मुद्दलात मिसळत गेलं, तर वर्षभरातच लाखाचे एक लाख ऐंशी हजारांच्या घरात जातात.

महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी नियमन कायद्याने चक्रवाढ व्याजाला बंदी घातली. एकूण व्याज मुद्दलाहून जास्त घेता येत नाही, हे जुनं दामदुपटीचं तत्त्वही त्यात आहे. त्याच वर्षी ठरलेले दर शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला 9 टक्के आणि विनातारणावर 12 टक्के असे होते. इतरांसाठी ते 15 आणि 18 होते. पण परवाना नसलेला सावकार हे दर पाळत नाही आणि पावतीही देत नाही.

खरा गुंता ‘मुदत खरेदी’चा आहे. बोलीभाषेत ती गहाण, कागदावर मात्र विक्री. पैसे फेडले की जमीन परत, ही अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील 1929 च्या दुरुस्तीमुळे तो व्यवहार गहाण ठरत नाही. परतीचा करार वेगळ्या कागदावर केला असेल किंवा नुसता तोंडी असेल, तर सातबाऱ्यावर सावकाराचं नाव लागतं आणि जमीन कसणारा परकाच ठरतो. अशा व्यवहारात खतातली किंमत बाजारभावाहून खूप कमी असते, ताबा विकणाऱ्याकडेच राहतो आणि दरमहा पैसे जात असतात. या खुणा पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

2014 च्या कायद्यातील कलम 18 खाली सावकारीतून गेलेली अशी जमीन परत मागता येते. अर्ज सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करायचा असतो, मात्र व्यवहार आधीच्या पंधरा वर्षांतला हवा. व्याजाची रक्कम बँक खात्यातून गेली असेल, तर नोंद राहते. रोखीने दिली असेल, तर सावकारी सिद्ध करणं अवघड जातं.