व्यालेल्या गाईचं अंग बाहेर आलं तर: डॉक्टर येईपर्यंतचे दोन तास

एक व्हिडिओ सध्या दूधवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. नुकत्याच व्यालेल्या गाईच्या मागे लालभडक मांसाचा मोठा गोळा लोंबतोय. एक जण त्यावर साखर ओततो, मूठ वळून गोळा आत ढकलतो आणि खाली ओळ येते: 'डॉक्टरची गरज नाही'. त्यातलं साखरेचं अर्धंच खरं आहे. मूठ घालून ढकलणं मात्र गाईच्या जिवावर बेतू शकतं. असं का, हे कळायला तो गोळा तासागणिक फुगत का जातो ते समजून घ्यावं लागतं, आणि मला या सगळ्या प्रकारात तेच सर्वांत रंजक वाटतं.

आधी ओळख. आपल्याकडे 'अंग बाहेर आलं' हे दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतात. गाभण गाय शेवटच्या एक-दोन महिन्यांत बसली की मागे गुळगुळीत, गुलाबी गोळा दिसतो आणि उठली की बरेचदा आपोआप आत जातो. तो योनीमार्गाचा भाग असतो. त्यालाही उपचार लागतात, पण तिथे घटकाभराचा उशीर सहसा जिवावर येत नाही. गर्भाशय बाहेर येतं ते व्याल्यानंतर, बहुतेक वेळा पहिल्या काही तासांतच. ते मोठं असतं, उभ्या गाईच्या मागच्या गुडघ्यापर्यंत लोंबतं आणि त्याच्यावर लिंबापासून पेरूएवढ्या मांसल गाठी असतात. वार याच गाठींना चिकटलेली असते. शंभराच्या आसपास असलेल्या या गाठी दिसल्या की शंका उरत नाही. नुसती अडकलेली वार पातळ असते, पडद्यासारखी लोंबते आणि तिला असा भरीव, जड गोळा नसतो.

आता हे घडतं कसं? वासरू बाहेर पडलं की गर्भाशयाने स्वतःला आवळून घ्यायचं असतं. आवळायला स्नायूंना कॅल्शियम लागतं आणि नेमकं त्याच वेळी कासेत चीक भरू लागतो. गाईच्या रक्तातलं सगळं कॅल्शियम मोजलं तर ते ३ ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि १० लिटर चिकातून २० ग्रॅमहून जास्त निघून जातं. हाडांतून भरपाई होते, पण यंत्रणा वेग घ्यायला एखाद-दुसरा दिवस लागतो. तोवर भरपूर दुधाच्या गाईचं गर्भाशय ढिलंच राहतं. अशा ढिल्या पिशवीचं टोक आत वळतं. त्याचा गोळा योनीमार्गावर दाबला गेला की गाईला वाटतं अजून काही बाहेर टाकायचं आहे, आणि ती कळ देते. सदरा काढताना बाही उलटी होऊन येते तसं गर्भाशय उलटं होऊन बाहेर येतं. म्हणजे आपल्याला दिसते ती त्याची आतली, नाजूक बाजू. वासरू मोठं असेल, माणसांनी जोरात ओढलं असेल किंवा गोठ्याची जमीन गव्हाणीकडून मागे उतरती असेल, तर धोका वाढतो.

इथून पुढे खेळ रक्तवाहिन्यांचा. शाळेत शिकलेल्या रोहिणी आणि नीला आठवा. रोहिणीची भिंत जाड आणि आतला दाब मोठा. नीला पातळ भिंतीची, तिच्यातला दाब अगदी थोडा. गर्भाशय बाहेर लोंबलं की या दोन्ही वाहिन्या योनीच्या तोंडाशी चेपल्या जातात आणि वर त्यांना गर्भाशयाचं वजन ताणत असतं. एवढ्या दाबाने रोहिणी बंद होत नाही, नीला मात्र मिटते. परिणामी रक्त आत येत राहतं आणि बाहेर जायची वाट अडते. मग केशवाहिन्यांमधला दाब चढतो, रक्तातलं पाणी भिंतीतून ऊतीत झिरपतं, ऊती फुगते. फुगली की वजन वाढतं. वजन वाढलं की ताण वाढतो, नीला आणखी मिटतात आणि आणखी पाणी झिरपतं. आधी लाल असलेला गोळा तासाभरात गडद तांबडा, मग जांभळट होतो तो यामुळेच. त्या जांभळट रंगाचा अर्थ रक्त तुंबलंय असा. काळपट, थंड आणि कोरडा झालेला भाग मात्र मरायला लागलेला असतो.

याच ताणात खरा धोका दडलाय. गर्भाशयाला रक्त पुरवणारी मोठी रोहिणी ज्या पडद्यातून येते, तो पडदाही गोळ्याबरोबर खेचला जातो. गाय दचकून उठली, चालली, धडपडली तर ती रोहिणी पोटातल्या पोटात फाटते. बाहेर थेंबही दिसत नाही. डोळ्याच्या पापणीची आतली बाजू पांढरीफटक पडते, अंग गार होतं आणि काही मिनिटांत गाय जाते. मग 'नजर लागली', 'बाहेरचं झालं' असं बोललं जातं. मिरच्या उतरवून टाकण्यात जी दहा मिनिटं गेली, त्यात गोळा वर उचलला असता तर ताण तरी कमी झाला असता.

कारण उपाय या वर्णनातच आहे. गोळा योनीच्या उंचीला आणला की नीलांवरचा दाब आणि पडद्यावरचा ताण दोन्ही कमी होतात आणि फुगणं मंदावतं.

मोहोळ तालुक्यातल्या एका वस्तीवरचा प्रसंग सांगतो, कारण तिथे घरच्यांनी बहुतेक गोष्टी बरोबर केल्या. एप्रिल महिना, चौथ्या वेताची संकरित एचएफ गाय. पहाटे पाचच्या सुमाराला व्याली. गोऱ्हा मोठा होता, दोघांनी ओढून काढला. पावणेसहाला घरची वहिनी चीक काढायला गेली तर मागे हा प्रकार. गाय उभी होती, पण कान गार आणि पाय डगमगते. कॅल्शियम उतरल्याची ही खूण. घरच्यांनी आधी डॉक्टरांना फोन लावला. 'व्याल्यावर अंग बाहेर आलंय, गाठी दिसतायत, गाय उभी आहे' एवढं सांगितल्यामुळे डॉक्टर तयारीनिशी निघाले. पण ते लांबच्या गावात होते, दोन तास लागणार होते. ओळखीचा डॉक्टर नसेल तर १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक लावावा.

मग त्यांनी गाईला जागेवरच आखूड बांधलं, कुत्री हाकलली आणि बाकीची जनावरं बाजूला नेली. दोघांनी जुनी धुतलेली सोलापुरी चादर झोळीसारखी धरली आणि गोळा अलगद तिच्यात घेऊन योनीच्या रेषेत उचलला. हे वजन मिनिटा-दोन मिनिटांत हाताला रग आणतं, म्हणून माणसं आलटून-पालटून हवीत. गोळा आणि चादर यांच्यामध्ये मऊ सुती लुगडं टाकलं होतं, तेही बरं झालं. सोलापूरचाच दोरेदार टॉवेल इथे कामाचा नाही. त्याचे फासे गाठींना अडकतात आणि वाळले की चिकटतात.

गाय बसलेली असेल तर तिला छातीवर बसवून ठेवायचं, एका कुशीवर सपाट पडू द्यायचं नाही, पोट फुगतं. गोळ्याखाली उलटी घमेली नाहीतर विटा ठेवायच्या, त्यावर परात, परातीत ओलं स्वच्छ कापड आणि कापडावर गोळा. उंची पुन्हा तीच, योनीच्या रेषेत.

धुवायला वहिनीने पाणी उकळून कोमट होऊ दिलं आणि त्यात मीठ घातलं. प्रमाण लिटरला ९ ग्रॅम, म्हणजे चहाचा साधारण दीड सपाट चमचा. रक्तातल्या क्षारांशी हे प्रमाण जुळतं, म्हणून ऊतीला झोंबत नाही. पाणी वरून हळू ओतून शेण, माती, काडी काढायची, चोळायचं नाही. वार सैल असेल तर आपोआप सुटते, चिकटलेली ओढू नये. ओढली की गाठ फाटते आणि रक्त थांबत नाही. धुतल्यावर ओलं कापड पांघरायचं आणि ते वाळू द्यायचं नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा उघडी ऊती बघता बघता सुकते आणि तडकते. म्हणून मिठाच्या पाण्याचा तांब्या सारखा हाताशी हवा आणि गाय सावलीत. हळद, राख, तेल, तुरटी, रॉकेल काहीही लावू नये.

आता साखर. साखरेचा थर ऊतीतलं पाणी परासरणाने बाहेर ओढतो, गोळा थोडा आकसतो. डॉक्टर स्वतःही ती वापरतात, आणि आपल्या साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात तिचा तोटा नाही. पण नीला मिटलेल्या आणि गोळा लोंबताच असेल तर जेवढं पाणी साखर काढेल तेवढं पुन्हा झिरपेल. शिवाय न धुतलेल्या गोळ्यावर टाकली तर माश्या-मुंग्यांना आमंत्रण. म्हणून डॉक्टरांना फोनवर विचारून, धुतल्यावर आणि उचललेल्या गोळ्यावरच टाकावी. जाडं मीठ तर कधीच नाही.

आत ढकलायचं का नाही, तर दोन कारणांनी. फुगलेली भिंत इतकी ठिसूळ असते की बोट आरपार जातं आणि पोटात जंतू शिरतात. दुसरं म्हणजे गाय कळ देत असताना ढकललं आणि गेलंच, तरी गर्भाशयाच्या फाट्याचं, म्हणजे त्याच्या शिंगाचं, टोक आत दुमडलेलं राहतं. त्या दुमडीमुळे गाय पुन्हा कळा देते आणि सगळं पुन्हा बाहेर. वरून दोरीने आवळणं म्हणजे रोग आत कोंडून ठेवणं. कॅल्शियमची बाटलीही स्वतः लावू नका. शिरेतून भरभर गेलेलं कॅल्शियम हृदय थांबवू शकतं. मान टाकलेल्या गाईला बाटलीने काही पाजलं तर ते फुप्फुसात जातं, तोही मोह नको.

डॉक्टर आठच्या सुमाराला पोचले तेव्हा गोळा फुगलेला होता, पण लाल आणि ओला होता. त्यांनी शेपटीच्या मुळाशी भूल दिली, कारण कळा थांबल्याशिवाय काहीच जमत नाही. गाईला छातीवर बसवून मागचे पाय मागे ताणले, की कटी पुढे कलते. पुन्हा धुऊन, साखर लावून, उघड्या तळहातांनी योनीजवळच्या भागापासून थोडं थोडं आत घेतलं. शेवटी कोमट पाणी आत भरलं. पाण्याच्या वजनाने शिंगाचं टोक पुरतं सुलटं होतं. मगच गर्भाशय आवळणारं इंजेक्शन, ऑक्सिटोसिन, दिलं. आधी दिलं असतं तर बाहेरचाच गोळा कडक झाला असता. कॅल्शियम शिरेतून सावकाश दिलं, आणि थोड्या वेळाने गाय उठली.

पुढचे काही दिवस पाहायचं ते वेगळं. लघवी होते का, खाते का, मागून सडका वास येतो का, ताप १०३ फॅरनहाइटच्या वर जातो का. मागची बाजू थोडी उंच राहील अशी जागा करून द्यावी. असं एकदा झालं की दर वेताला होणारच, असं समजून गाय बाजारात नेली जाते, आणि इथे गल्लत होते. दर गाभणपणात पुन्हा होण्याची सवय आणि वंशातून येण्याची शक्यता असते ती गाभणपणात योनीमार्ग बाहेर येण्याला. व्याल्यावर गर्भाशय बाहेर येणं हे त्या वेताच्या परिस्थितीचं फळ असतं. वेळेत नीट बसवलेल्या बऱ्याच गाई पुन्हा गाभण राहतात, फक्त माजाला यायला नेहमीपेक्षा उशीर होऊ शकतो.