इकोब्रिक: रॅपर बाटलीत का गेले आणि बाटली भिंतीत का अडते

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत शाळांच्या आवारात, बागांच्या कडेला रंगीबेरंगी बाटल्यांचे कट्टे आणि झाडांभोवतीचे पार दिसतात. चिप्स, बिस्किटं, शाम्पू, नूडल्स यांचे धुतलेले रॅपर ठासून भरलेल्या या बाटल्या म्हणजे इकोब्रिक. ती कशी दिसते ते आता सगळ्यांना माहीत आहे. ती इतकी पसरली का आणि बांधकामात ती कुठे कमी पडते, एवढ्यापुरतीच ही नोंद.

बाटल्यांनी बांधायची कल्पना जुनी आहे. 1960 च्या दशकात युरोपातल्या एका बिअर कंपनीने रिकामी झाल्यावर विटेसारखी रचता येईल अशी चौकोनी काचेची बाटली काढून पाहिली होती. पुढे मध्य अमेरिकेत प्लास्टिकच्या बाटल्यांत माती-वाळू भरून घरं उभी राहिली, तर ग्वाटेमालात मातीऐवजी प्लास्टिकचा कचरा भरून शाळांच्या भिंती झाल्या. एक गोष्ट मात्र आपल्याकडे येईपर्यंत गळून पडली. ग्वाटेमालातल्या त्या भिंतींत काँक्रीटचा सांगाडा होता, बाटल्या दोन जाळ्यांच्या मधे फक्त भर म्हणून होत्या आणि छताचं वजन त्यांच्यावर नव्हतं. फिलिपिन्समध्ये 2010 नंतर ही रीत शाळाशाळांत गेली आणि तिथून वजनाचं प्रमाण रूढ झालं: बाटलीच्या दर मिलिलिटरला किमान 0.33 ग्रॅम. एक लिटरची बाटली भरल्यावर 330 ग्रॅमच्या वर आणि दीड लिटरची 495 ग्रॅमच्या वर भरली पाहिजे. यापेक्षा हलकी बाटली अंगठ्याने दाबली की आत जाते.

आपल्याकडे इकोब्रिकला खरा जोर आला तो 2018 च्या मार्च महिन्यातल्या दोन निर्णयांमुळे, आणि त्यांच्यापाशी थोडं थांबायला हवं. त्यांचा एकत्र विचार फारसा होत नाही.

पहिला निर्णय राज्याचा. 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने कॅरिबॅग, थर्माकोलची ताटं, प्लास्टिकचे चमचे-पेले बंद झाले. साताऱ्याच्या राजवाड्यावर आणि सांगलीच्या गणपती पेठेत कापडी पिशव्या दिसू लागल्या. पण कारखान्यातच मालाभोवती येणारं वेष्टन या बंदीतून वगळलं होतं. पाच रुपयांचं चिप्सचं पाकीट पहिल्यासारखंच विकलं जात राहिलं.

दुसरा निर्णय केंद्राचा, त्यानंतर चारच दिवसांनी आलेला. 2016 च्या प्लास्टिक कचरा नियमांनी सांगितलं होतं की पुनर्वापर न होणारं बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायचं. चिप्स-बिस्किटांचे बरेच रॅपर यात येतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची फिल्म, तिच्यावर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा, आतून चिकटवलेली पॉलिथिलीनची फिल्म, असे थर एकमेकांना घट्ट धरून असतात. ते वेगळे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला हा माल घेत नाही. दोन वर्षांची मुदत भरत आली तेव्हा, 27 मार्च 2018 ला, नियमाचे शब्द बदलले. आता जे बहुस्तरीय प्लास्टिक पुनर्वापरायोग्य नाही, किंवा ज्यातून ऊर्जा मिळवता येत नाही, किंवा ज्याला पर्यायी उपयोग नाही, त्याच्यावरच टाच येणार होती.

वाचायला हा बदल किरकोळ वाटतो. पण व्यवहारात तिन्ही अटी एकत्र लागू झाल्या तरच टाच येईल असा अर्थ घेतला गेला. प्लास्टिक जळतंच, त्यामुळे ऊर्जा मिळत नाही असं रॅपर सापडणं कठीण. पर्यायी उपयोग तर कशालाही काढता येतो. बंदीची तारीख असलेली वस्तू या शब्दांनी बाजारात ठेवली. दूरच्या गावातून रॅपर गोळा करणं तेव्हा तरी शक्य नव्हतं, असा युक्तिवाद बदलाच्या बाजूने झाला आणि तो अगदीच पोकळ नव्हता. तरी माझ्या मते गावपातळीवरच्या इकोब्रिक मोहिमांची मुळं इथे आहेत. रॅपर येतच राहणार हे ठरलं होतं, बंद होणार नव्हते, विकले जात नव्हते आणि ते इंधन म्हणून जाळू शकणाऱ्या सिमेंटच्या भट्ट्या होत्या कर्नाटकात कलबुर्गी-बागलकोटकडे. नगरपालिका, ग्रामपंचायती आणि शाळांच्या हाती उरली ती रिकामी बाटली आणि बांबूची काठी. स्वच्छतेच्या स्पर्धांमध्ये दाखवायलाही हे काम सोयीचं होतं, कारण फोटोत कट्टा दिसतो.

कृती थोडी तरी नीट सांगायला हवी, कारण पुढचे बरेच दोष तिथूनच येतात. बाटली सोड्याची घ्यावी. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक आता फार पातळ असतं आणि काठीच्या दाबाने तिला चीर जाते. रॅपर कापून पूर्ण उघडायचे, धुवायचे आणि कोरडे करायचे. चिप्सच्या पाकिटाच्या शिवणीत तेल आणि चुरा राहतो, त्यामुळे नुसतं झटकून भागत नाही. मऊ प्लास्टिक तळाला आधी घालायचं, म्हणजे खालचे खड्डे भरतात. मग टोक गोल केलेल्या काठीने मधे आणि कडेने आळीपाळीने दाबायचं. ओलं रॅपर आत गेलं तर काही दिवसांनी काचेसारख्या भागावर आतून थेंब दिसतात, झाकण उघडल्यावर कुबट वास येतो आणि अन्नाचे कण जास्त असतील तर वायू धरून तळ फुगतो. अशी बाटली भिंतीत घालू नये. दुधाच्या पिशव्याही आत कोंबू नयेत. त्या एकाच जातीच्या पॉलिथिलीनच्या असतात आणि भंगारात त्यांना पैसे मिळतात. खरं तर बाटलीलाही मिळतात, आणि रॅपर भरले की तो चांगला माल कायमचा बाद होतो.

आता कट्ट्याचा हिशोब करून पाहू. दीड मीटर लांब, 45 सेंटिमीटर रुंद आणि तितकाच उंच असा शाळेच्या आवारातला साधा कट्टा धरू. दीड लिटरच्या बाटल्या आडव्या ठेवल्या तर एका थरात पंधरा बसतात, चार थरांत साठ. किमान वजनाने त्यांत जवळपास 30 किलो रॅपर जातात. छोटं पाकीट दोन ग्रॅमचं धरलं तर ही पंधरा हजार पाकिटं झाली. मुलांनी एवढं गोळा करणं ही मोठीच गोष्ट आहे.

कट्ट्याचं बाहेरचं आकारमान मात्र 300 लिटरच्या आसपास आहे आणि साठ बाटल्या त्यातले 90 ते 95 लिटरच भरतात. बाटली गोल, मान निमुळती, वरून आच्छादनाचा थर हवा, त्यामुळे उरलेले 200 लिटर मसाल्याने भरावे लागतात. एकास सहाचा मसाला धरला तर सिमेंटचं एक पोतं संपून दुसरं उघडावं लागतं. हाच कट्टा विटांत बांधला तर गिलाव्यासकट 30 किलो सिमेंटमध्ये उरकतो. 30 किलो रॅपर जिरवायला 50 किलोहून अधिक सिमेंट गेलं, हे कट्ट्याच्या पाटीवर कुठेच लिहिलेलं नसतं. फटींत दगडगोटे भरले तर सिमेंट वाचतं, आणि जाणता गवंडी ते करतोच, पण मग भार दगड घेतात आणि बाटली नुसती जागा अडवते.

भार हाच मोठा फरक. भाजलेली वीट दाबाखाली जवळजवळ हलत नाही. इकोब्रिक दबते आणि दाब काढला की बरीचशी परत येते, म्हणून तिच्यावर माणूस उभा राहतो आणि ती फुटत नाही. हा गुण स्टुलासाठी चांगला, भिंतीसाठी वाईट. भोवतीचा मसाला ताठ असतो आणि आतली बाटली दबणारी, त्यामुळे सगळं वजन मसाल्याच्या पातळ पडद्यांवर येतं. शिवाय गुळगुळीत प्लास्टिकला मसाला धरत नाही आणि उन्हात प्लास्टिक सिमेंटच्या कितीतरी पट जास्त फुगतं. दोन-तीन उन्हाळ्यांत गिलाव्यावर बाटलीच्या आकाराच्या गोल भेगा उमटतात. नाण्याने ठोकल्यावर भदभद आवाज आला तर गिलावा सुटला आहे असं समजावं. शोभेसाठी तळ उघडे ठेवले असतील तर तिथे ऊन थेट लागतं. प्लास्टिक आधी धुरकट होतं, मग नखाने दाबल्यावर कडकडतं आणि शेवटी त्याचे कण मातीत जातात. छताखालच्या भिंतीत ऊन नसतं, पण आगीचा प्रश्न तिथेच गंभीर होतो. बाटलीचं प्लास्टिक 75-80 अंशांना मऊ पडतं आणि आत आहे ते बहुतेक सगळं जळाऊ. विटांना भारतीय मानक आहे, त्यांची दाब सहन करण्याची प्रत ठरलेली आहे. इकोब्रिकला तसं मानक नाही, म्हणून वर्गखोलीच्या भिंतीसाठी तिची हमी कुठलाही अभियंता देऊ शकत नाही.

कृष्णाकाठाला आणखी एक अडचण आहे. सिमेंट टाळायचं म्हणून बाटल्या सिलिकॉनने किंवा पट्टीने बांधून स्टूल करतात, आणि घरात ती पद्धत मला सर्वांत रास्त वाटते. पण अर्धा किलोची ही बाटली दीड लिटर पाणी बाजूला सारते. पाण्यात प्रत्येक बाटली सुमारे एक किलोच्या जोराने वर येऊ पाहते, म्हणजे सोळा बाटल्यांचं स्टूल सोळा किलोने. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैमध्ये ते पुन्हा शहरात शिरलं. तळमजल्यावर ठेवलेलं असं सामान पुरात वाहून जाणार आणि शेकडो रॅपर एकगठ्ठा नदीत पोचणार. मातीच्या गाऱ्यात बसवलेल्या बाटल्यांचंही तेच, कारण गारा आधी विरघळतो.

2022 च्या फेब्रुवारीत उत्पादकांच्या जबाबदारीचे नवे नियम आले. बहुस्तरीय प्लास्टिकचा वेगळा गट झाला आणि पुनर्वापर शक्य नसलेल्या मालासाठी रस्त्यात वापरणं, सिमेंटच्या भट्टीत जाळणं, ऊर्जा किंवा तेल काढणं हे मार्ग कंपन्यांच्या जबाबदारीच्या मोजणीत धरले गेले. इकोब्रिक त्यांत नाही. रॅपर विकणाऱ्या कंपनीच्या खात्यावर शाळेतल्या मुलांचे ते 30 किलो कुठेच जमा होत नाहीत, आणि एकदा सिमेंटमध्ये गेले की ते गोळा करून भट्टीकडे पाठवायची वाटही बंद होते. कट्टा तुटला की भंगारवाला त्याला हात लावत नाही आणि मलबा टाकायच्या जागी तो प्लास्टिकसकट जातो.

म्हणून आता काही ठिकाणी बाटल्या बांधकामात न घालता, वजन आणि तारीख लिहून कोरड्या खोलीत रचून ठेवायला सुरुवात झाली आहे. ट्रॉलीभर सुटे रॅपर दोन-तीन पोत्यांत मावतात आणि ट्रक येईपर्यंत उडून ओढ्यात जात नाहीत. भट्टीला तुकडे लागतात, तेव्हा बाटली तिथे फोडावी लागेल, आणि ट्रकचं भाडं कोणी द्यायचं यावर नगरपालिका आणि कंपन्यांचे ठेकेदार यांचं अजून जमलेलं नाही.